मुडदे फाडून चित्रं सुधारली की बिघडली?

कोळशाची_कांडी (धागाकर्ता)

फ्लोरेन्सच्या अंतोनियो पोल्लायुओलोचं एक छापचित्र आहे. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं, साधारण १४६५ ते १४७५ मधलं. मागे दाट झाडी आणि पुढे दहा नागडे पुरुष तलवारी, कुऱ्हाडी घेऊन एकमेकांवर तुटून पडलेत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, बाप रे, काय अभ्यास आहे! चित्रकारांची चरित्रं लिहिणारा व्हासारीही सांगतो की या माणसानं कितीतरी प्रेतं सोलून आतली रचना पाहिली होती.

पण चित्र लावून मी तासभर बसलो आणि काहीतरी खटकायला लागलं. कुऱ्हाड उगारणाऱ्याचा दंड पुढूनही फुगलाय आणि मागूनही. मांडीचंही तेच. जो खाली पडून मार खातोय त्याच्या पोटऱ्यासुद्धा टणक. दहाच्या दहा जणांना एकाच वेळी पेटके आल्यासारखे दिसतात.

आणि त्याच्या जरा आधीचा मसाच्चो, ज्यानं मुडदे फाडल्याचं कुणी म्हणत नाही, त्याचे आदम आणि ईव्ह स्वर्गातून बाहेर पडतात तेव्हा ती हाडामासाची माणसं वाटतात.

तर प्रश्न असा: शवविच्छेदनानं माणसं रंगवणं नेमकं कुठे बदललं? मी रविवारी एका चित्रवर्गात मॉडेलवरून रेखाटनं करतो, एवढीच माझी पात्रता. जाणकारांनी लिहावं.

इतिहासाचा_किडा

चांगला विषय. पण एक विसरू नका, त्या काळात चर्चची बंदी होती. लिओनार्दो वगैरे मंडळी रात्री स्मशानातून मुडदे चोरून तळघरात मेणबत्तीच्या उजेडात कापायची. पकडले गेले असते तर जिवंत जाळलं असतं. अशा घाईगडबडीत पाहिल्यावर चुका होणारच. पोल्लायुओलोचं तेच झालं असणार.

हाडवैद्य_पुणेकर

किडेसाहेब, स्मशान-तळघर जरा बाजूला ठेवू. मी ऑर्थोपेडिक सर्जन आहे, चित्रातलं फारसं कळत नाही, पण मूळ प्रश्नाचं अर्धं उत्तर माझ्याकडे आहे.

मेलेला स्नायू ओढत नाही. संपला विषय. टेबलावर तुम्हाला तो कुठल्या हाडाला सुरू होतो, कुठे संपतो, किती जाड आहे, कुणाच्या खाली दडलाय हे सगळं दिसतं. हात उचलताना त्यातला कोण काम करतो आणि कोण सुट्टीवर असतो, ते मात्र प्रेत सांगत नाही. जिवंत शरीरात बहुतेक हालचालींमध्ये एक बाजू ओढते तेव्हा समोरची सैल सुटते. सुटली नाही तर सांधा हलणारच नाही. तुमच्या चित्रातल्या कुऱ्हाडवाल्याचा दंड दोन्हीकडून ताठ असेल तर त्याची कुऱ्हाड हवेतच राहणार.

आता बसल्या जागी एक करून बघा. उजवं कोपर काटकोनात वाकवा, तळहात जमिनीकडे. डावा हात दंडावर ठेवा. बेटकुळी फार नाही जाणवत. आता कोपर तसंच ठेवून तळहात आकाशाकडे फिरवा, जरा जोर लावून. बेटकुळी टुणकन वर येते. म्हणजे बायसेप्स नुसता हात वाकवत नाही, तो तळवा वर फिरवतो. तळवा खाली असताना वाकवण्याचं बरंचसं काम त्याच्याखालचा आणि कोपराबाहेरचा, असे दुसरे दोन स्नायू करतात. त्यामुळे घागर उचलणारा आणि भिक्षेसाठी हात पसरणारा, दोघांची कोपरं सारखीच वाकलेली असली तरी दंड वेगळे दिसतात. हे प्रेत पाहून सुचायला डोकं लागतं. लिओनार्दोला ते सुचलं होतं, त्याच्या टिपणांत आहे.

तैलरंग

हाडवैद्यांनी नस पकडली. मी तीसेक वर्षं कलाशाळेत शिकवलं, आता निवृत्त आहे, तेव्हा थोडं लांबण लावतो.

लिओनार्दोनं नेमकी हीच तक्रार केली आहे. तो म्हणतो, काही चित्रकार आपण मोठे रेखाटनकार आहोत हे दाखवायला नग्नाकृती इतक्या गाठाळ करतात की माणूस न दिसता अक्रोडाचं पोतं किंवा मुळ्यांची जुडी दिसते. नाव घेत नाही, पण रोख कुठल्या वळणाच्या चित्रांवर आहे ते कळतं. त्याचा सल्ला असा: ज्या क्रियेत जो स्नायू राबतो तोच ठळक दाखवा, बाकीचे झाका. म्हणजे त्याच्या लेखी अभ्यासाचा उपयोग काय दाखवायचं यापेक्षा काय गाळायचं हे कळण्यासाठी जास्त.

पोल्लायुओलोबद्दल व्हासारी म्हणतो म्हणून धरून चालू नका. त्यानं खरंच सोलून पाहिलं का, याबद्दल आजच्या अभ्यासकांत शंका आहे. त्याचे बरेच फुगवटे बाहेरून, मॉडेलच्या अंगावरून आणि जुन्या मूर्तींवरून घेतलेले वाटतात. आतून पाहिलेल्या माणसानं काही जोड असे काढले नसते.

मुळात चित्रकाराला आतलं पाहायची गरज कधी वाटायला लागली? आल्बेर्तीनं १४३५ मध्येच लिहून ठेवलं होतं की आधी हाडं बसवा, त्यावर स्नायू, मग मांस आणि कातडी. पण तो सांगतो ती एक पद्धत आहे, प्रेत उघडून पाहा असं तो म्हणत नाही. प्रत्यक्ष पाहायला गेलं की अडचण येते, आणि ती चर्चची नव्हे, सडण्याची. बोलोन्यात मोंदिनोनं १३१६ च्या सुमारास विच्छेदनाचं पुस्तक लिहिलं. त्यातला क्रम बघा: आधी पोट, कारण ते सगळ्यात आधी नासतं. मग छाती, मग डोकं, आणि हातपाय शेवटी. विद्यापीठातली जाहीर विच्छेदनं हिवाळ्यात व्हायची आणि काही दिवसांत आटपायची. हातापायांची पाळी येईपर्यंत वास सुटलेला. डॉक्टरला आतडी आणि काळीज हवं असतं, त्याचं भागायचं. चित्रकाराला नेमके खांदे, दंड, मांड्या हव्यात, आणि त्याच सगळ्यात उरल्यासुरल्या अवस्थेत मिळायच्या. म्हणून त्याला प्रेत स्वतःच्या ताब्यात हवं होतं, स्वतःच्या क्रमानं उघडायला.

आईची_चित्रकला

नमस्कार, माझा मुलगा इंटरमिजिएटला बसलाय. माणसं काढताना हात खूप लांब होतात त्याचे. क्लासचे सर म्हणतात अ‍ॅनाटॉमी पक्की कर. त्यासाठी डिसेक्शनची पुस्तकं घ्यावी लागतील का? मला तर ती चित्रं बघवत नाहीत, लहान आहे हो तो.

हाडवैद्य_पुणेकर

ताई, अजिबात नको. हात सरळ खाली सोडला की बोटांची टोकं मांडीच्या मध्यापर्यंत येतात आणि कोपर कमरेजवळ, एवढं आरशासमोर उभं राहून त्याला मोजायला लावा. लांबी हे प्रमाणाचं काम आहे, त्याला सुरी लागत नाही.

इतिहासाचा_किडा

बंदी नव्हती म्हणता? १२९९ मध्ये पोप बोनिफेसनं फतवा काढला होता, प्रेतं कापण्याविरुद्ध. गूगल करा.

तैलरंग

फतवा खरा आहे, विषय दुसरा आहे. परदेशात मेलेल्या सरदारांची प्रेतं तुकडे करून उकळायची आणि हाडं तेवढी मायदेशी न्यायची, अशी पद्धत पडली होती. तिच्याविरुद्ध तो फतवा. काहींनी त्याचा अर्थ ताणला असेल, पण त्यानंतर पंधरा-सतरा वर्षांतच मोंदिनो बोलोन्यात शिकवताना दिसतो. प्रेतं बहुतेक फाशी दिलेल्यांची, तीही शक्यतो परगावच्या माणसांची, म्हणजे नातेवाईक दारात उभे राहणार नाहीत. रुग्णालयात मेलेले बेवारस हा दुसरा मार्ग. फ्लोरेन्समध्ये तर चित्रकार आणि वैद्य-औषधविक्रेते एकाच व्यवसाय-संघात होते, कारण रंगांची पूडही औषधवाल्याकडेच मिळायची. ओळखी निघायला वेळ लागत नसे.

मायकेलँजेलोला सान्तो स्पिरितो मठाच्या प्रमुखानं स्वतःच्या आवारात जागा आणि प्रेतं दिली. तेव्हा तो अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा होता. आभार म्हणून त्यानं मठाला लाकडी क्रूस कोरून दिला. चोरीच्या मालाचे आभार असे मानत नाहीत.

इतिहासाचा_किडा

ठीक आहे, पण लिओनार्दोला रोममध्ये हे काम थांबवायला लावलं, हे तरी मान्य करा.

तैलरंग

ते मान्य, आणि मुद्दा चांगला काढलात. १५१५ च्या सुमाराची गोष्ट. त्याच्याकडे आरसे बनवणारा एक जर्मन कारागीर होता, त्याच्याशी बिनसलं. त्यानं पोपकडे आणि रुग्णालयाकडे कागाळी केली आणि विच्छेदन बंद पडलं. हे लिओनार्दोच्या पत्राच्या कच्च्या खर्ड्यातून कळतं, म्हणजे आपण एकाच बाजूचं ऐकतोय. पण तोवर त्याचं मोठं काम उरकलेलं होतं.

मुंबईचा_वड

त्या मोठ्या कामाबद्दल लिहा की सर. लिओनार्दोचे विंडसर किल्ल्यातले कागद मी पुस्तकात पाहिलेत, उलटी अक्षरं आणि खांदेच खांदे.

तैलरंग

लिहितो. त्याचे दोन टप्पे आहेत.

पहिला १५०७-०८ च्या हिवाळ्यातला. फ्लोरेन्सच्या सान्ता मारिया नुओवा रुग्णालयात एक म्हातारा लिओनार्दोशी बोलत बसला होता. शंभरी ओलांडली म्हणाला, अशक्तपणा सोडला तर दुखत काही नाही म्हणाला, आणि तसाच बसल्या बसल्या गेला. इतक्या गोड मरणाचं कारण पाहावं म्हणून लिओनार्दोनं त्याला उघडलं. रक्तवाहिन्या आटलेल्या, यकृत सुकलेलं, असं वर्णन त्यानं केलंय. त्यात अजून चित्रकारापेक्षा वैद्याची जिज्ञासा जास्त आहे.

दुसरा टप्पा १५१०-११ चा हिवाळा. पाव्हिया विद्यापीठातला तरुण प्राध्यापक मार्कान्तोनियो देल्ला तोर्रे याच्या बरोबरीनं हे काम झालं असावं. १८ कागद, सुमारे २४० रेखाटनं. कागद आपल्या ए-फोरएवढाच, जरा लहान. वड म्हणतात ते खांदे इथले.

करायचा काय, तर कातडी आणि चरबी साफ करायची, वरचा स्नायू एका टोकाला सोडवून उलटा पाडायचा, मग खालचा काढायचा, मग तोही पाडायचा. दरम्यान पहिला सुकून आक्रसलेला. तो लिहितो की एक प्रेत एवढा वेळ टिकत नाही म्हणून अनेक प्रेतांवर टप्प्याटप्प्यानं जावं लागतं. नुसत्या रक्तवाहिन्या नीट पाहायला दहाच्या वर प्रेतं लागली, असं त्याचं म्हणणं, आणि आयुष्यभराचा आकडा तीसच्या वर सांगतो. म्हणजे विंडसरच्या कागदावरचा तो खांदा कुठल्याही एका माणसाचा नाही.

कागदावर आणताना त्यानं दोन युक्त्या केल्या. एक, तोच हात समोरून, थोडा वळवून, आणखी वळवून, पाठीमागून, असा ओळीनं काढला, जणू आपणच त्याच्याभोवती चालत जातोय. दुसरी माझी आवडती. मांसल स्नायू काढला की त्याच्यामागचं झाकलं जातं. म्हणून काही आकृत्यांत त्यानं मांस काढून टाकलं आणि जागोजाग नुसत्या दोऱ्या दाखवल्या, इथून तिथपर्यंत, स्नायू ज्या दिशेनं ओढतो त्या दिशेनं. खांद्यावरचा जाड त्रिकोणी स्नायू तर सुटा सुटा पट्ट्यांत फोडलाय, कारण त्याचा पुढचा भाग हात पुढे नेतो आणि मागचा मागे. हाडवैद्य म्हणाले ना, प्रेत ओढत नाही? त्या दोऱ्या हे त्याचं उत्तर आहे. मेलेल्या हातात पुन्हा ओढ बसवायची.

हाडवैद्य_पुणेकर

दोऱ्यांचं वाचून अंगावर काटा आला. आम्ही फर्स्ट एमबीबीएसला हेच करायचो, हाडावर रंगीत लोकर चिकटवून. आमचे मुडदे फॉर्मेलिनमधले, करडे-तपकिरी आणि लाकडासारखे ताठ, पण महिनोन्‌महिने टिकायचे. त्याला ताजं मांस मिळालं आणि वेळ नाही मिळाला. कुठलं बरं, सांगता येत नाही.

वेरूळकर

एक बोलू का, राग नका मानू. अजिंठ्याच्या पद्मपाणीसाठी कुणी मुडदा फाडला नव्हता. हजार वर्षं आधी! त्याचा खांदा आणि मान बघा. हा सगळा खटाटोप युरोपला का लागला?

तैलरंग

राग कसला, रास्त प्रश्न आहे. माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. पद्मपाणीत रेषा आणि डौल प्रधान आहे. उजेड-सावलीनं उठाव दिलाय, पण अमुक खिडकीतून अमुक कोनात ऊन पडलंय असं नाही. फ्लोरेन्सच्या लोकांनी अंगावर एका बाजूनं उजेड पाडायचं ठरवलं. मग प्रत्येक उंचवट्याला सावली आली, आणि उंचवटा नक्की कुठे संपतो हे सांगणं भाग पडलं. रेषेत ते लपवता येतं, सावलीत नाही.

वेरूळकर

हं. म्हणजे गरज त्यांनी स्वतःच ओढवून घेतली. अजून पूर्ण पटलं नाही, पण विचार करतो.

सायली_रंगते

मायकेलँजेलोच्या बायकांचं काय मग? सिस्टीन चॅपेलच्या छतावरची ती भविष्य सांगणारी लिबियन सिबिल, पाठ आमच्या जिममधल्या ट्रेनरसारखी आहे! एवढं विच्छेदन करून बाई काढता येईना?

तैलरंग

:) तिच्या पाठीचं लाल खडूतलं रेखाटन न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे आणि ते उघड उघड पुरुष मॉडेलवरून केलंय. कार्यशाळेतली पोरंच मॉडेल म्हणून उभी राहायची. टेबलावरही फाशी गेलेले पुरुषच जास्त. बाईचं प्रेत दुर्मीळ, गरोदर बाईचं तर फारच. लिओनार्दोचं गर्भातल्या बाळाचं प्रसिद्ध चित्र बघा. बाळ अप्रतिम, पण गर्भाशयाला वार जोडलीय ती गाईची. माणसाची वार एकसंध थाळीसारखी असते, गाईची सुट्या सुट्या बटणांची. त्यानं गाय कापली होती, तिथलं इथे आणून बसवलं.

सायली_रंगते

गाईचं कळलं. पण सिबिलला तेवढ्यावर सोडायला मी तयार नाही. त्यानं जिवंत बाई कधी पाहिलीच नव्हती का? रफाएलला बरं जमतं. मला वाटतं त्याला पुरुषी देहच आवडत होता आणि अ‍ॅनाटॉमी हा बहाणा.

हाडवैद्य_पुणेकर

यावर मी गप्प. पण त्याच माणसाच्या मोझेसकडे बघा, रोममधला संगमरवरी, बसलेला. करंगळी उचलणारा एक बारीक स्नायू कोपरापासून हाताच्या मागच्या बाजूनं जातो. करंगळी वर केली की कोपराखाली एक सडपातळ रेघ उठते, तुमच्याही हातावर दिसेल. मोझेसच्या उजव्या हातावर ती आहे, आणि त्याची करंगळी किंचित उचललेली आहे. फाडून पाहिल्याशिवाय हे कळलं असतं का, यावर आमच्यात वाद घालता येईल. सडपातळ मॉडेलवर बाहेरूनही दिसतं ते.

कोळशाची_कांडी

म्हणजे मसाच्चोचं कोडं तसंच राहिलं, पण पोल्लायुओलोचं उलगडलं. आता एक सांगा सर, लिओनार्दोच्या स्वतःच्या रंगवण्यात हा फरक कुठे बोट ठेवून दाखवता येतो का? १५११ नंतर त्यानं नग्न पैलवान काही रंगवले नाहीत. शेवटी शेवटी सेंट जॉन आहे, लूव्हरमधला, त्यात तर स्नायू धुक्यात विरघळलेत.

तैलरंग

सेंट जॉनबद्दल दोन मतं आहेत. मला वाटतं, जो सगळं जाणतो त्यालाच इतकं गाळायची हिंमत होते. माझा एक सहकारी म्हणायचा, कसलं काय, त्याचा मुडद्यांशी काही संबंध नाही, तो धुरकट रंगाचा षौक आहे.

बोट ठेवायला एक जागा आहे, व्हॅटिकनमधला अपुरा सेंट जेरोम. वाळलेला तपस्वी, छातीवर दगड मारून घेणारा. चित्र १४८० च्या आसपास सुरू केलेलं. आरशात बघा: मान डावीकडे वळवली की उजव्या कानामागून एक जाड पट्टी गळ्याच्या खाचेकडे येते. खाली तिचे दोन फाटे होतात, एक छातीच्या मधल्या हाडाला, दुसरा कॉलरबोनला, आणि मध्ये खळगा. १४९५ च्या सुमाराला 'शेवटच्या भोजना'तल्या जुडासचं डोकं काढताना लिओनार्दोनं तिथे एकच पट्टी काढली आहे. १५१० च्या कागदांवर दोन आहेत. आणि जेरोमच्या मानेतही दोन, बरोबर.

आता १४८० मध्ये माहीत असलेलं १४९५ मध्ये विसरला कसा? विंडसरचे कागद सांभाळणाऱ्या मार्टिन क्लेटन यांचं म्हणणं असं की विसरला नाहीच, जेरोमची मान नंतरची आहे. इन्फ्रारेड तपासणीत मूळ खालच्या रेखाटनात ते दोन स्नायू सापडले नाहीत, रंगवण्याची पद्धतही बाकीपेक्षा वेगळी आहे. म्हणजे खांदे फाडून झाल्यावर वीस-तीस वर्षांपूर्वीचं चित्र काढून त्यानं मान दुरुस्त केली.

इतिहासाचा_किडा

किंवा जुडासचं रेखाटन घाईत केलं असेल. एका कागदावरच्या एका रेघेवरून तीस वर्षं पुढेमागे?

तैलरंग

शंका घ्यायला हरकत नाही. जुडासचा तो एकच कागद असता तर मीही घेतली असती. इन्फ्रारेडचं काय करणार?

इतिहासाचा_किडा

खालचं रेखाटन सगळ्या जागी असतंच असं नाही. काही भाग चित्रकार थेट रंगात करतात. तुम्हीच मागे एका धाग्यात लिहिलं होतं.

हाडवैद्य_पुणेकर

मी जेरोम मोठा करून बघतोय. मानेचं सोडा, तैलरंग सर, उजवा हात लांब केलाय ना त्यानं दगड धरून, त्या खांद्याचं काय? हात एवढा बाजूला गेला की कॉलरबोनचं बाहेरचं टोक वर उचललं जातं. इथे ते उचललंय. तेही नंतरचं म्हणायचं का? तिथलं इन्फ्रारेड काय सांगतं?

तैलरंग

खांद्याचं बघावं लागेल. पुस्तक माळ्यावर आहे, उद्या काढतो.

आईची_चित्रकला

डॉक्टर, मोजलं. मुलाचं बरोबर आलं, पण त्याच्या बाबांचे हात खरंच लांब निघाले. आता तो म्हणतो मी बाबांनाच काढत होतो.